पैलतीराचे स्वप्न

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला खान्देशातून पायी येणारे लोक सप्तशृंगी गडाकडे जाताना आमच्या वणी परिसरातून पुढे सरकतात. काही वर्षांपूर्वी सावलीला टेकलेल्या एका वृद्ध बाईंनी मला विचारले, “भाऊ, सपनात मी होडीत बसून नदी पार केली. पलीकडे कोणीच नव्हतं. हे चांगलं का वाईट?” त्या वर्षी त्यांनी घराच्या किल्ल्या सुनेच्या हाती दिल्या होत्या. मला उत्तर देता आले नाही. पुढे मी ते जुन्या ग्रंथांत शोधत राहिलो.

पहिला धागा वैद्यकात सापडला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात २९ व्या अध्यायात रोग्याच्या स्वप्नांचा विचार आहे. खवळलेल्या, गढूळ पाण्याच्या नद्या किंवा समुद्र स्वप्नात तरून जाणाऱ्याचे कल्याण होते आणि व्याधी दूर होते, असे तिथे सांगितले आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात मात्र गढूळ पाण्यात वा चिखलात बुडणे आणि वेगवान प्रवाहात वाहून जाणे यांची गणना अशुभ स्वप्नांत होते. पाणी दोन्हीकडे गढूळच. म्हणजे पाणी स्वच्छ आहे की नाही, यावर फळ ठरत नाही. माणूस पलीकडे पोचला की नाही, यावर ठरते.

हे वैद्य प्रत्येक स्वप्न खरे मानत नव्हते, हेही लक्षात ठेवावे. चरकाने स्वप्नांचे सात प्रकार केले: पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, पुढचे सुचवणारे आणि दोषातून उपजलेले. यांतले पहिले पाच निष्फळ. दिवसा पडलेले, फार लांब वा फार त्रोटक स्वप्नही निष्फळच. यात्रेच्या वाटेवर दिवसभर नदी पाहिली आणि रात्री तीच दिसली, तर त्यावरून काही ठरवू नये, असाच याचा अर्थ. सुश्रुताने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. रोग्याने स्वतः पाहिलेलीच नव्हे, तर त्याच्या आप्तमित्रांना पडलेली स्वप्नेही विचारात घ्यायची.

पण हा सगळा विचार आजारातून उठण्याचा आहे. आयुष्याचा नवा टप्पा स्वप्नातून सुरू झाल्याची मराठीतली ठळक साक्ष तुकोबांची. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, बाबाजी हे आपले नाव आणि राघव चैतन्य, केशव चैतन्य ही परंपरा सांगितली, ‘राम कृष्ण हरि’ हा मंत्र दिला. दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार. आपल्याकडे नाशिकला गोदावरीलाही गंगाच म्हणतात, तेव्हा ही गंगा काशीचीच असली पाहिजे असे नाही.

या अभंगात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तुकोबा नदीवर पोचल्याचे त्यात येत नाही. ओलांडणे तर दूरच. भेट अलीकडच्या वाटेवर झाली. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले, ते द्यायचे स्वप्नात राहून गेले, आणि काही अंतराय पडल्यामुळे ते घाईने निघून गेले. दीक्षा मिळाली, पण दक्षिणा राहिली. राहून गेलेले ते देणे तुकोबांनी लपवले नाही.

दुसरी साक्ष बहिणाबाईंची. १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या बहिणाबाई लहानपणीच विवाह होऊन पुढे कोल्हापूरला आल्या. तिथे लाडक्या वासराच्या मृत्यूने त्या खचल्या. त्याच काळात, प्रत्यक्ष कधी न पाहिलेल्या तुकोबांनी त्यांना स्वप्नात मंत्र दिला. दिवस कार्तिक वद्य पंचमी, रविवार. ब्राह्मण घरातल्या सुनेने शूद्र गुरू मानावा, हे पतीला असह्य झाले. त्यांनी त्रास सोसला. पुढे पतीचेही मन पालटले आणि कुटुंब देहूला इंद्रायणीकाठी आले.

दोघांनीही तिथी आणि वार सांगितला आहे. घरात मूल जन्मले की आपण तेवढेच आधी लिहून ठेवतो. स्वप्नाचा अर्थ काय, हे सांगण्याऐवजी त्यांनी जन्माची नोंद करावी तशी त्याची नोंद केली. आणि त्यापुढचे खरे काम जागेपणी केले: बहिणाबाईंनी घरातला विरोध सोसून, तुकोबांनी अभंगांतून. सुश्रुताचा निकष इथे बदललेला दिसतो. आता प्रश्न पलीकडे पोचण्याचा उरत नाही. उठल्यावर माणूस कुठे चालू लागला, याचा होतो.

‘तीर्थ’ हा शब्दही तरून जाणे सांगणाऱ्या ‘तृ’ धातूवरून आलेला. तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, पाणी ओलांडता येण्याची जागा. पुण्याचा अर्थ नंतर चिकटला. म्हणून त्या बाई पुन्हा भेटल्या, तर मी शुभ-अशुभ सांगणार नाही. होडीतून उतरल्यावर पाय कोणत्या वाटेला लागले, आणि तो दिवस कोणता होता, एवढेच विचारीन.