‘थँक्यू’ म्हणता म्हणता काम सांगितलं? मेसेजमधले आभार आणि विनंती वेगळी कशी ओळखायची?

बऱ्याच दिवसांनी कुणाचा तरी मेसेज येतो. सुरुवातीला भरभरून आभार असतात आणि शेवटच्या ओळीत एक काम असतं. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, की हे आभार खरे होते की कामासाठी घातलेली प्रस्तावना? आणि उत्तर नेमकं कशाला द्यायचं, आभारांना की कामाला?

एक नमुना मेसेज पाहू. नोकरी शोधणाऱ्या एका मुलीने कॉलेजमधल्या सीनियरला तो पाठवला आहे, असं समजू.

“नमस्कार ताई, मागच्या महिन्यात तुम्ही माझा रेझ्युमे बघून प्रोजेक्टचा भाग वर घ्यायला सांगितलात. तसं केलं आणि दोन ठिकाणांहून इंटरव्ह्यूचा कॉल आला. खूप आभार! तुमच्यासारखी माणसं आजकाल कुठे भेटतात. तुमच्या कंपनीत जागा निघाल्याचं कळलं. माझं नाव पुढे करता आलं तर तेवढं बघाल का? 🙏”

दोन्हींत मूळ फरक काय?

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९६९ साली ‘स्पीच ॲक्ट्स’ या पुस्तकात आभार आणि विनंती यांचे नियम शेजारी शेजारी मांडले. आभार ऐकणाऱ्याने आधीच केलेल्या गोष्टीबद्दल असतात. विनंती त्याने पुढे करायच्या गोष्टीबद्दल असते. म्हणजे मेसेज वेगळा करायचा असेल, तर सुरुवात काळापासून करता येते.

वरच्या मेसेजमध्ये ‘सांगितलात’, ‘केलं’, ‘कॉल आला’ ही सगळी घडून गेलेली गोष्ट आहे. ‘पुढे करता आलं तर’ आणि ‘बघाल का’ ही अजून घडायची आहे. ‘तुमच्यासारखी माणसं कुठे भेटतात’ हे वाक्य मात्र कुठल्याच कामाबद्दल नाही. ती स्तुती आहे. तिला आभारांमध्येही धरू नये आणि विनंतीमध्येही. आणि ‘जागा निघाल्याचं कळलं’ ही वरवर नुसती बातमी असली, तरी ती विनंतीची वाट मोकळी करण्यासाठी आलेली आहे.

काळ फसवतो तेव्हा

मराठीत काही वाक्यं आभारांचे कपडे घालून येतात, पण आत विनंती असते. ‘एवढं केलंत तर आयुष्यभर आभारी राहीन’ किंवा ‘आगाऊ धन्यवाद’ ही त्यातली ठळक उदाहरणं. इथे आभार मानण्यासारखं अजून काही घडलेलंच नाही. सरकारी अर्जाच्या शेवटी ‘उपकृत करावे’ लिहितात, त्याच घराण्यातली ही वाक्यं.

‘तेवढं’, ‘जरा’, ‘जमलं तर’, ‘बघा ना’ हे शब्द विनंतीची धार कमी करतात. ते दिसले, की जवळपास एखादं काम आहे असं समजायला हरकत नाही. 🙏 या इमोजीवर मात्र विसंबू नये. आपल्याकडे जोडलेले हात नमस्कारालाही चालतात, आभारालाही आणि विनवणीलाही. वरच्या मेसेजमध्ये तो विनंतीनंतर आलाय, म्हणून तो तिच्याच बाजूचा.

आभार खरे आहेत, हे कसं कळणार?

शेवटची विनंती झाकून उरलेला मेसेज पुन्हा वाचावा. नमुन्यातला मेसेज तरीही उभा राहतो. काय मदत झाली, त्या मुलीने त्याचं काय केलं आणि निकाल काय लागला, हे तिन्ही त्यात आहे. सल्ला प्रत्यक्ष वापरणाऱ्यालाच हे लिहिता येतं.

याउलट ‘तुम्ही नेहमीच किती मदत करता, खूप खूप धन्यवाद! एक छोटं काम होतं’ असा मेसेज घ्या. विनंती झाकली तर उरलेलं वाक्य कुणालाही पाठवता येईल. त्यात ना ठरावीक मदत आहे, ना तिचा परिणाम. हे आभार म्हणजे दार वाजवणं आहे.

या कसोटीलाही मर्यादा आहे. काही माणसांना लिहायला सुचत नाही. त्यांच्या मनात कृतज्ञता असते, पण मेसेजमध्ये फक्त ‘थँक्स दादा’ उमटतं. मराठी घरांत तर जवळच्या माणसाचे तोंडावर आभार मानणं परकेपणाचं वाटतं. त्यामुळे मामाला किंवा मैत्रिणीला आलेल्या तुटक मेसेजवरून मनातलं ठरवू नये. मेसेजवरून इतकंच सांगता येतं, की आभार नेमके आहेत की मोघम.

विनंती आहे म्हणून आभार खोटे ठरतात का?

नाही. ॲडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो या संशोधकांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी लोकांनी एका विद्यार्थ्याचं नोकरीच्या अर्जाचं पत्र तपासून दिलं. नंतर त्यांच्याकडे दुसऱ्या पत्रासाठीही मदत मागण्यात आली. पहिल्या मदतीची नुसती पोच मिळालेल्यांपैकी ३२ टक्के लोक पुन्हा मदतीला तयार झाले. आभार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ६६ टक्के होतं. आपल्या मदतीला किंमत आहे, असं वाटणं हे त्यामागचं कारण असल्याचं संशोधकांना आढळलं.

याचे दोन अर्थ निघतात. आभार पुढच्या होकाराची शक्यता वाढवतात, म्हणून हातचं राखून वाचणं गैर नाही. पण हा परिणाम मनापासूनच्या आभारांनीही होतो. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच मेसेजमध्ये खऱ्या असू शकतात. त्या मुलीला रेझ्युमेचा फायदा झालाच आहे आणि तिला नोकरीही हवीच आहे.

घोळ होतो तो उत्तरात

आभारांना आपण सवयीने उत्तर देतो, ‘अगं आभार कसले, कधीही सांग!’ एरवी हे सौजन्य असतं. पण मेसेजमध्ये काम असेल, तर समोरची व्यक्ती हाच होकार समजते. आठवड्याने ‘ताई, नाव दिलंत ना?’ असा मेसेज येतो आणि आपण शब्द कधी दिला, तेच कळत नाही.

दुसरी चूक उलट्या बाजूची. ‘कामापुरतंच आठवण येते’ असं मनात धरून पूर्ण मेसेजला ‘बघते’ एवढंच उत्तर जातं. त्यात खरे आभारही वाया जातात आणि ‘बघते’चा अर्थ हो की नाही, हेही कळत नाही.

म्हणून उत्तराचे दोन भाग करावेत. “दोन कॉल आले हे वाचून खूप छान वाटलं. इंटरव्ह्यू कसे झाले ते नक्की कळव.” हा आभारांचा हिशोब इथे पूर्ण झाला. मग वेगळ्या मेसेजमध्ये: “नाव पुढे करण्याबद्दल, मी तुझं काम जवळून पाहिलेलं नाही, त्यामुळे शिफारस करता येणार नाही. अर्जाची लिंक पाठवते.” होकार असेल तर तोही असाच स्पष्ट, काय करणार आणि कधीपर्यंत, हे सांगून द्यावा. पहिला भाग मोकळेपणाने लिहिला, की दुसऱ्या भागातला नकार कमी बोचतो.

मेसेज पाठवणाऱ्यांनाही हीच विभागणी उपयोगी पडते. इंटरव्ह्यूचा कॉल आला त्याच दिवशी आभार कळवावेत. काम निघेल तेव्हा ते वेगळ्या मेसेजमध्ये, सरळ विचारावं. दोन्ही एकत्र पाठवणं भागच असेल, तर ‘आभार मानायचेच होते, शिवाय एक कामही आहे’ असं आधीच लिहून टाकावं. मग वाचणाऱ्याला शेवटच्या ओळीत काही लपलंय का, हे शोधावं लागत नाही.