तिकिटाशेजारची चांदणी

जिरामध्ये संपलेल्या स्प्रिंटचा ‘स्प्रिंट रिपोर्ट’ उघडला की काही तिकिटांच्या क्रमांकाशेजारी छोटीशी चांदणी दिसते. खाली तिचा अर्थ दिलेला असतो: हे तिकीट स्प्रिंट सुरू झाल्यावर आत आलेलं आहे. बहुतेक मंडळी ती न बघताच पुढे जातात. पण सुरुवातीची यादी आणि शेवटची यादी एकमेकींशी ताडून पाहायची ही रीत अशी चांदणीएवढी लहान व्हायला बराच काळ गेला आहे.

मूळ कल्पना सॉफ्टवेअरवाल्यांची नाहीच. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1967 मध्ये कंत्राटदारांसाठी खर्च आणि वेळापत्रकाचे निकष ठरवले. त्यांत मुख्य अट अशी होती, की कामाचा आराखडा आधी गोठवायचा आणि पुढची सगळी प्रगती त्या गोठवलेल्या आराखड्याशी मोजायची. आराखड्यात बदल करायचा तर रीतसर नोंद हवी. ही शिस्त कागदपत्रांच्या ओझ्यासकट आली होती, त्यामुळे तीस दिवसांत काम हातावेगळं करू पाहणाऱ्या लोकांना ती नकोशी वाटली यात नवल नाही.

केन श्वेबर आणि जेफ सदरलंड यांनी 1995 मध्ये स्क्रम जाहीरपणे मांडलं. सुरुवातीच्या स्क्रममध्ये मागाहून येणाऱ्या कामाला सरळ कुलूप होतं: स्प्रिंट तीस दिवसांचा, आणि तेवढ्या काळात बाहेरच्या कुणी आत काम घुसवायचं नाही. फारच गरज पडली तर स्प्रिंटच मोडायचा. नियमच इतका कडक, म्हटल्यावर वाढ मोजायचं साधन कशाला हवं?

हवं होतं, कारण काम आतूनही वाढतं. स्प्रिंटच्या कामांची यादी तेव्हा बहुधा एक्सेलमध्ये असायची: एका ओळीत एक काम, पुढच्या रकान्यांत रोज उरलेले तास. चौथ्या दिवशी टीमला कळलं की डेटाबेसमध्येही बदल करावा लागणार, तर खाली नवी ओळ यायची. त्या ओळीचे पहिले तीन रकाने रिकामे राहायचे. मागाहून आलेलं काम त्या रिकाम्या चौकटींवरून नुसत्या नजरेला कळे. रोजच्या बेरजेतून निघणारा आलेख म्हणजे बर्नडाउन. त्यात मात्र ही खूण पुसली जायची. आज वीस तासांचं काम उरकलं आणि वीस तासांचं नवं आलं, तर रेघ सपाट. बघणाऱ्याला वाटतं, टीम बसून होती.

या एका रेघेत दोन गोष्टींची सरमिसळ होते, हे अनेकांना खटकलं. अॅलिस्टर कॉकबर्नने खाली येणाऱ्या रेघेऐवजी वर चढणाऱ्या दोन रेघांचा, बर्नअपचा, पुरस्कार केला: एक झालेल्या कामाची, दुसरी एकूण कामाची. माइक कोनने 2005 च्या आपल्या पुस्तकात त्याहून चतुर युक्ती दिली. तिथे रेघ नाही, खांब आहेत. काम संपलं की खांबाचा माथा खाली येतो. नवं काम आलं की खांबाचा तळ शून्याखाली सरकतो. उरलेलं काम म्हणजे खांबाची उंची, पण ती का बदलली ते कोणतं टोक हललं यावरून कळतं. ही युक्ती रिलीजसाठी होती, तरी स्प्रिंटलाही लागू पडते. माझ्या मते या सगळ्या कुळातलं हे सर्वांत सुंदर चित्र, आणि तेच सर्वांत कमी वापरलं गेलं.

स्टॉकहोममध्ये काम करणाऱ्या हेन्रिक क्निबर्गने 2007 मध्ये आपल्या टीमच्या भिंतीवरचा फळा पुस्तकात दाखवला. त्याच्या उजव्या बाजूला ‘अनियोजित’ कामांसाठी वेगळा कोपरा होता. मागाहून आलेल्या चिठ्ठ्या तिथे चिकटायच्या. कोपरा भरू लागला, की सकाळी फळ्यासमोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसायचं. गणित नाही, आलेख नाही.

मग फळा पडद्यावर गेला. अॅटलासियनने 2009 मध्ये ग्रीनहॉपर हे जिराचं जोडसाधन विकत घेतलं आणि पुढे ते जिरातच मुरलं. पडद्यावर वेगळा कोपरा राहिला नाही. मागाहून आलेलं तिकीट आधीच्या तिकिटांत बेमालूम मिसळू लागलं. बदल्यात एक गोष्ट मिळाली: ‘स्टार्ट स्प्रिंट’ बटण दाबल्याचा नेमका क्षण नोंदला जातो, आणि त्या क्षणाची यादी हाच गोठवलेला आराखडा ठरतो.

एक नमुना घेऊ. सोमवारी सकाळी साडेदहाला स्प्रिंट सुरू झाला तेव्हा 12 तिकिटं, 40 पॉइंट. नंतर 5 तिकिटं आली, त्यांचे 11 पॉइंट. एक तिकीट बाहेर काढलं, त्याचे 3. शेवटी 37 पॉइंटचं काम झालेलं आणि 11 पॉइंटचं उरलेलं.

बर्नडाउनची फक्त दोन टोकं पाहिली तर 40 वरून 11, म्हणजे 29 पॉइंट झाले असं वाटतं. व्हेलॉसिटीचा आलेख म्हणतो, ठरवले 40, केले 37, म्हणजे जवळजवळ सगळं. पण चांदणीवाली तिकिटं बाजूला काढून मूळ 12 तिकिटांकडे पाहिलं, तर त्यांतले फक्त 28 पॉइंट पूर्ण झालेत. बाकीचे 9 नव्या कामाचे. थोडक्यात, ठरवलेल्यातलं 70 टक्केच झालं आणि मूळ आराखड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त काम मागाहून आलं. रिव्ह्यूत बहुधा दुसरा आकडा दाखवला जातो, कारण तो दिसायला बरा.

हेच शोधायला पुष्कळ जण अशी ओळ लिहितात:

```
sprint = 42 AND created > "2024-03-04 10:30"
```

ही फसवी आहे. ती सोमवारनंतर जन्मलेलीच तिकिटं पकडते. आपल्या पाचांपैकी तीन तिकिटं महिनाभर बॅकलॉगमध्ये पडून होती आणि बुधवारी कुणीतरी ती आत ओढली, तर ओळीला दोनच सापडतील. जिराच्या या शोधभाषेतलं `CHANGED` सुद्धा कामी येत नाही, कारण ते `Sprint` या रकान्याला चालत नाही. खरी नोंद प्रत्येक तिकिटाच्या इतिहासात असते: `Sprint` कधी बदललं, कुणी बदललं. ती वेळ स्प्रिंटच्या सुरुवातीशी ताडायची. हे जड वाटत असेल तर सुरुवातीच्या दिवशी तिकीट क्रमांक आणि पॉइंटची यादी वेगळ्या शीटमध्ये उतरवून ठेवावी. जुनाच उपाय, पण काढून टाकलेली तिकिटंही त्यात हरवत नाहीत.

चांदणीला चकवणंही सोपं आहे. सोमवारी प्लॅनिंग झालं पण बटण बुधवारी दाबलं, तर मधल्या दोन दिवसांत आलेलं सगळं मूळ आराखड्यात जमा होतं. रिपोर्ट स्वच्छ दिसतो. एकही चांदणी नसलेला स्प्रिंट दिसला, तर आधी सुरुवातीची वेळ तपासावी.

चांदणी दिसली म्हणजे गुन्हा घडला, असंही नाही. स्क्रम गाइडच्या 2020 च्या आवृत्तीनुसार, नवं काही कळेल तसा प्रॉडक्ट ओनरशी बोलून कामाचा आवाका बदलता येतो. धक्का लागू द्यायचा नाही तो स्प्रिंटच्या उद्दिष्टाला. म्हणून आत आलेल्या पाच तिकिटांची दोन ढिगांत वाटणी करावी लागते: टीमला काम करताना सापडलेलं, आणि बाहेरून आलेलं. पहिला ढीग मोठा असेल तर प्लॅनिंगमध्ये काम पुरतं उकललं नव्हतं. दुसरा मोठा असेल तर प्रॉडक्ट ओनरच्या दारातून, किंवा त्याला वळसा घालून, कोण येतंय ते बघायचं. तिकिटाच्या इतिहासातलं नाव इथे फारसं उपयोगी नसतं. साहेबांनी फोनवर सांगितलेलं तिकीट आत ओढणारा हात बहुधा टीममधल्याच कुणा ज्युनियरचा असतो.

आणि जे तिकीट पहिल्यापासून आत आहे पण पोटातून फुगलं, ते या पद्धतीला दिसतच नाही. ‘लॉगिन पान’ या तिकिटाच्या वर्णनात गुरुवारी ओटीपीची एक ओळ वाढली, तर क्रमांक तोच, पॉइंट तेच, चांदणी नाही. त्यासाठी वर्णन आणि स्वीकृतीचे निकष स्प्रिंट सुरू झाल्यावर बदलले का, हे इतिहासात वेगळं पाहावं लागतं.