वटनगर ते वडनेर : काल्पनिक जगातील नावे कशी घडतात?

थ्रेड 🧵

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा तालुक्यात, मुंबई–कोलकाता महामार्गावर वडनेर भोलजी नावाचे गाव आहे. ‘वडनेर’ ही चार अक्षरे नीट उलगडली, तर कल्पनारम्य कादंबऱ्या लिहिणारे लेखक दोन संस्कृतींची नावे वेगळी कशी ठेवतात, याची गुरुकिल्लीच हाती येते.

वडनेर नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. नाशिक जिल्ह्यातील वडनेर येथे कलचुरी राजा बुद्धराजाचा इ.स. 609 च्या सुमाराचा ताम्रपट सापडला. त्यात ‘वटनगर’ हे नाव येते आणि वा. वि. मिराशी यांनी ते वटनगर म्हणजेच हे वडनेर, असे ठरवले. वट म्हणजे वड, आणि नगराचे झाले ‘नेर’.

हा बदल स्वैर नव्हे. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला ट मृदू होऊन ड होतो. म्हणून वटाचा वड. त्याच जागी ग आला तर तो झिजून नाहीसाच होतो : नगर, नयर, नेर. दोन स्वरांमधला प मात्र व होतो. दीपाचा दिवा झाला तो असाच. एका पिढीला न जाणवणारी ही झीज शतकानुशतके सर्व शब्दांना सारखीच लागते.

जे. आर. आर. टोल्किन यांनी नेमकी हीच झीज कृत्रिमरीत्या घडवली. 1925 पासून 1945 पर्यंत ते ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते. ध्वनिबदलांचे नियम हा त्यांचा रोजचा विषय. त्यांनी एल्फ लोकांसाठी आधी एक आदिभाषा कल्पिली आणि तिच्यातून क्वेन्या व सिंदारिन या दोन भाषा वेगवेगळ्या नियमांनी उतरवल्या.

पुन्हा झाडाचेच उदाहरण घेऊ. आदिभाषेतील शब्द ‘गलदा’. क्वेन्यात आरंभीचा ग गळाला, मधला स्वरही गेला आणि उरले ‘आल्दा’. सिंदारिनमध्ये ग टिकला, अंत्य स्वर गळाला, द घर्षक झाला आणि झाले ‘गलध’. म्हणून न्यूमेनोरच्या एका राजाचे नाव आल्दारिऑन, तर झाडांवर वसलेले नगर कारास गलधॉन. वाचकाला यातला एकही नियम ठाऊक नसतो. तरी ही दोन नावे दोन निराळ्या लोकांची आहेत, हे त्याचा कान ओळखतो.

न्यूमेनोरच्या राजांनी क्वेन्या नावे घेतली, यातही इतिहासाची जाण आहे. क्वेन्या ही तेथे विद्वत्तेची आणि प्रतिष्ठेची भाषा होती. लोकभाषा प्राकृत असलेल्या मुलखात संस्कृत बिरुदे मिरवणारे राजे आठवावेत.

रोहनच्या घोडेस्वारांसाठी मात्र टोल्किन यांनी भाषा घडवली नाही, जुनी इंग्रजीच वापरली. एओमेर, एओविन या नावांतील ‘एओ’ म्हणजे घोडा. थेओडेन म्हणजे अधिपती. रस्ता सोपा खरा, पण ज्याला ती भाषा येते त्यालाच सोपा.

हे तंत्र मराठीत करून पाहता येते. डोंगरातील जुन्या राजघराण्याच्या मुलखात तीन नगरे कल्पावीत : वटनगर, दीपनगर, कपाटनगर. खालच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या बोलीत तीच नावे वर सांगितलेल्या नियमांनी झिजवावीत : वडनेर, दिवनेर, कवाडनेर. एकही विचित्र अक्षर न वापरता दोन समाज उभे राहिले आणि त्यांचे मूळ एक आहे, हेही न सांगता कळले.

फसते ते येथे : लेखक अर्धाच नियम लावतो आणि दिवनेरशेजारी ‘दीपनेर’ वसवतो. शेवट झिजला, पण आरंभ कोरा राहिला. दुसरी खोड म्हणजे राजवाड्यापासून पाड्यापर्यंत सर्वांना तत्सम नावे वाटणे. मराठी लेखणीला ही खोड जरा अधिकच आहे. परभाषिक वाटावे म्हणून नावात जोडाक्षरे कोंबणे हा तिसरा प्रकार. त्यातून फक्त उच्चाराची अडचण निर्माण होते.

अपवाद मात्र मुद्दाम ठेवता येतो. वडनेरपासून जवळच्या मलकापूरमध्ये प दोन स्वरांमध्ये असूनही टिकून आहे. ‘पूर’ हा शेवट दरबारी आणि लेखी व्यवहारात सतत ताजा राहिला. गावे वसवणाऱ्यांनी तो पुन्हा पुन्हा वापरला. काल्पनिक नकाशावर नेर-नेर-नेरच्या रांगेत एकच पूर दिसला, तर तेथे नंतर कोणीतरी सत्ता घेऊन आले, असे वाचक समजतो.

आणि एक गोष्ट काल्पनिक नकाशांवर जवळजवळ कधीच दिसत नाही : एकाच नावाची अनेक गावे. वडाची झाडे पुष्कळ, म्हणून वडनेरेही पुष्कळ. मग ओळखीसाठी दुसरे नाव जोडावे लागते. नाशिककडे वडनेर भैरव, अमरावतीकडे वडनेर गंगाई आणि नांदुऱ्याजवळ वडनेर भोलजी.