दुधाचा प्रतिलिटर उत्पादनखर्च (पनवेल परिसरातील म्हशींचा गोठा)

एका वेताच्या संपूर्ण काळात, म्हणजे म्हैस व्यायल्यापासून पुन्हा विण्यापर्यंत, तिच्यावर झालेल्या एकूण खर्चातून शेणखत व पारडू यांचे मूल्य वजा करून उरलेल्या रकमेस त्या वेतातील एकूण दुधाने भागले असता प्रतिलिटर उत्पादनखर्च मिळतो. या खर्चात चारा व खुराक, मजुरी, जनावराचा घसारा आणि औषधोपचार, वीज, पाणी, विमा, गोठ्याची देखभाल असा किरकोळ खर्च येतो. म्हैस दूध देत नसली तरी खातेच, म्हणून हिशेबाचा काळ दुभत्या दिवसांपुरता न धरता भाकड दिवसांसह धरावा लागतो.

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुका हा मुळात भातशेतीचा असल्याने तेथील वैरणीचा आधार भाताचा पेंढा हाच आहे. पेंढ्यात प्रथिने फार कमी असतात. त्यामुळे मुऱ्हा म्हशीकडून अपेक्षित दूध मिळवायचे तर सरकी पेंड, चुनी, कोंडा असा खुराक विकत घ्यावा लागतो, आणि नवी मुंबईच्या विस्तारात शेतजमीन घटलेल्या गावांत हिरवा चाराही बाहेरून आणावा लागतो. घरच्या शेतातील पेंढा विकत आणलेला नसला तरी तो विकला असता जो भाव मिळाला असता त्या भावानेच खर्चात धरला जातो. घरच्या माणसांच्या कामाचेही मोल याच न्यायाने चालू मजुरीप्रमाणे लावतात.

घसारा म्हणजे खरेदीची किंमत आणि शेवटी विक्रीतून येणारी किंमत यांतील फरक, जो जनावराच्या उपयोगी वेतांवर वाटला जातो. महाराष्ट्रात 2015 पासून लागू असलेल्या सुधारित पशुसंरक्षण कायद्याने गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी आहे. म्हशीस ती लागू नसल्याने उतारवयातील म्हशीला काही किंमत येते, तर भाकड गाईची अखेरची किंमत जवळपास शून्य धरणेच सुरक्षित ठरते.

उदाहरणादाखल दहा म्हशींचा गोठा घेऊन पुढील भाव गृहीत धरता येतात. प्रत्येक म्हैस 300 दिवस सरासरी 8 लिटर, म्हणजे वेतात 2,400 लिटर दूध देते, त्यानंतर 150 दिवस भाकड राहते आणि 450 दिवसांनी पुन्हा विते. दुभत्या काळात चारा-खुराकाचे रोज 260 रुपये व भाकड काळात 130 रुपये धरल्यास एका वेताचा हा खर्च 97,500 रुपये होतो. सर्व म्हशींना मिळून रोज 600 रुपयांची मजुरी धरल्यास एकीच्या वाट्याला 27,000 रुपये येतात. म्हैस 1,20,000 रुपयांस घेऊन चार वेतांनंतर 40,000 रुपयांस विकली, तर प्रत्येक वेताचा घसारा 20,000 रुपये होतो. किरकोळ खर्च 12,000 रुपये मिळवून एकूण 1,56,500 रुपये होतात आणि शेणखत व पारडू यांचे 6,500 रुपये वजा जाता 1,50,000 रुपये उरतात, म्हणजे लिटरमागे 62.50 रुपये.

याच गोठ्यात एका म्हशीचा एका दुभत्या दिवसाचा चारा-खुराक व मजुरी मिळून 320 रुपयांस 8 लिटरने भागले तर केवळ 40 रुपये येतात. दुभत्या दिवसावर केलेला हा हिशेब फसवा असतो, कारण त्यात भाकड काळ, घसारा व किरकोळ खर्च येत नाहीत. 50 रुपयांनी रतीब घालणाऱ्याच्या हाती रोज पैसा खेळतो, परंतु म्हैस बदलण्याची वेळ आली की कर्ज काढावे लागते.

मुंबई परिसरातील तबेल्यांत ताजी व्यायलेली म्हैस आणून ती आटताच विकण्याची पद्धत आहे. वरील उदाहरणात आटलेली म्हैस 50,000 रुपयांस गेली, तर भाकड काळातील चारा व मजुरीचे 28,500 रुपये वाचतात, पण घसारा एकाच वेतावर पडून 70,000 रुपये होतो, म्हणजे 50,000 रुपयांनी वाढतो. म्हणून गाभण राहणारी म्हैस सांभाळणे येथे स्वस्त पडते.

म्हशीचा गाभणकाळ सुमारे 310 दिवसांचा असल्याने 450 दिवसांचे अंतर राखण्यासाठी ती व्यायल्यापासून 140 दिवसांत गाभण राहावी लागते. उन्हाळ्यात म्हशीचा माज बहुधा मुका असतो, म्हणजे ती फारशी ओरडत नाही आणि लक्षणे रात्री किंवा पहाटे थोडा वेळच दिसतात. एक माज हुकला की सुमारे 21 दिवस थांबावे लागते आणि भाकड दिवसाच्या 190 रुपयांप्रमाणे 3,990 रुपये, म्हणजे लिटरमागे सुमारे 1.66 रुपये वाढतात. अंतर 540 दिवसांवर गेल्यास खर्च सुमारे 69.63 रुपयांपर्यंत चढतो. हे आकडे भावांप्रमाणे बदलतात, म्हणून प्रत्येक म्हशीच्या वहीत विण्याची, रेतनाची व आटण्याची तारीख असल्याखेरीज प्रतिलिटर खर्च विश्वसनीयपणे काढता येत नाही.