टेलिमेडिसिनचं फॅमिली कार्ड : बारा सल्ले नेमके कुणाच्या वाट्याला?

‘घरबसल्या डॉक्टर, अख्ख्या कुटुंबाला, वर्षाला फक्त इतके रुपये.’ अशा जाहिराती आता मोबाईलवर रोज दिसतात. काही ठिकाणी कर्ज घेताना, विमा काढताना किंवा मेडिकल दुकानातही अशी कार्डं पुढे केली जातात. पैसे भरले की ॲप उघडायचं, आजार सांगायचा आणि डॉक्टरशी व्हिडिओवर किंवा फोनवर बोलायचं, एवढाच हा प्रकार आहे. हा आरोग्य विमा नव्हे. ॲडमिट व्हावं लागलं तर दवाखान्याचं बिल यातून भरलं जात नाही, आणि बऱ्याच कार्डांत औषधं व तपासण्यांचा खर्चही वेगळाच असतो. विकत मिळतो तो फक्त सल्ला.

आता हे सल्ले किती, कोणत्या डॉक्टरांचे आणि घरातल्या कुणासाठी, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो. बाकीच्या दोन गोष्टी आतल्या नियमांत, Terms & Conditions मध्ये असतात. तिथपर्यंत फार कमी लोक जातात आणि फसगत तिथंच होते.

एका घराचा हिशोब

समजा, सहा माणसांचं घर आहे. आजोबांना शुगर आणि बीपी, आजीचे गुडघे दुखतात, शेती करणारे नवरा-बायको आणि अकरा व सात वर्षांची दोन पोरं. जूनच्या सुरुवातीला त्यांनी ९९९ रुपयांचं कार्ड घेतलं. वर्षाला १२ सल्ले, त्यातले २ स्पेशालिस्टचे, आणि सगळं मिळून सहा जणांना सामायिक. (आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.)

जूनमध्ये आजोबांचा शुगरचा रिपोर्ट दाखवला, एक सल्ला गेला. धाकट्याला ताप आला, दुसरा गेला. त्या बोलण्यात चौथ्या मिनिटाला रेंज गेली. परत जोडायला गेले तर ॲपने तो नवीन सल्ला धरला, म्हणजे तिसरा. जुलैत चिखलात काम करून बाईच्या पायाला खाज सुटली, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. हा चौथा, आणि स्पेशालिस्टमधला पहिला. ‘पंधरा दिवसांनी परत दाखवा’ असं डॉक्टर म्हणाले. पण फेरतपासणी फुकट होती ती फक्त सात दिवसांपर्यंत. पंधरा दिवसांनी दाखवलं तो पाचवा सल्ला झाला आणि स्पेशालिस्टचा कोटा जुलैतच संपला.

ऑगस्टमध्ये आजोबा परत, सहावा. थोरल्याला जुलाब, सातवा. आजीचा गुडघा सुजला तर हाडांच्या डॉक्टरांचा सल्ला शिल्लक नाही. साध्या डॉक्टरांनी ‘एक्स-रे काढून प्रत्यक्ष दाखवा’ सांगितलं, तो आठवा. सप्टेंबरात आजोबा, नववा. फवारणीनंतर घरधन्याला मळमळ आणि चक्कर आली. डॉक्टरांनी ‘फोनवर बसू नका, लगेच दवाखान्यात जा’ म्हणून बरोबरच सांगितलं, पण तोही मोजला गेला. दहा. ऑक्टोबरात धाकट्याचा ताप आणि आजोबांची शुगर, अकरा आणि बारा. कार्डाला साडेसात महिने बाकी असताना सल्ले संपले.

कागदावर एक सल्ला ८३ रुपयांना पडला होता. रेंजमुळे वाया गेलेला सोडला तर ९१ रुपयांना. तालुक्याच्या डॉक्टरची फी आणि एसटीचं भाडं धरलं तर हे महाग नाही. पण ‘वर्षभर, अख्ख्या कुटुंबाला’ हे काही खरं ठरलं नाही.

माणशी वेगळा वाटा असेल तर?

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक माणसाला वेगळे सल्ले असतात. नियमांत Per Member असं लिहिलेलं दिसतं, तर सामायिक असेल तिथं Shared किंवा Pooled. समजा माणशी ४ सल्ले आहेत. सहा जणांचे २४ झाले, म्हणजे दुप्पट. ऐकायला हे बरं वाटतं.

पण वरचंच घर यात घालून बघा. आजोबांनी ऑक्टोबरपर्यंत चार वेळा दाखवलं होतं, म्हणजे त्यांचे सल्ले इथंही ऑक्टोबरातच संपले. घरात अजून १२ सल्ले शिल्लक आहेत, पण ते आजी, नवरा-बायको आणि पोरांच्या नावावर. ज्याला डॉक्टरची खरी गरज त्याचा वाटा रिकामा, आणि धडधाकट माणसांचे पडून.

म्हणून कार्ड घेण्याआधी गेल्या वर्षी घरातलं कोण किती वेळा दवाखान्यात गेलं ते आठवून लिहून काढावं. आजारपण सगळ्यांत थोडं थोडं असेल, घरात लहान पोरं असतील, तर माणशी वाटा परवडतो. एकच माणूस कायमचा पेशंट असेल तर सामायिक बरा. त्याहून बरं म्हणजे त्या एकट्याच्या नावाचं जास्त सल्ल्यांचं कार्ड काढावं. इतरांचं सर्दी-तापाचं काम खाली दिलेल्या सरकारी सेवेवर भागतं.

‘कुटुंब’ म्हणजे कोण, हेही बघावं लागतं. पुष्कळ कार्डांत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुलं. आई-वडील धरलेले नसतात, किंवा त्यांचे पैसे वेगळे घेतात. आपल्याकडं कार्ड काढण्याचं कारणच बहुधा म्हातारी माणसं असतात. काही ठिकाणी एकदा नावं टाकली की वर्षभर बदलता येत नाहीत, त्यामुळं घाईत नाव टाकू नये.

पोराच्या नावावर आजोबांना दाखवू नका

वाटा संपला की घरोघरी एक युक्ती निघते. नातवाचे सल्ले शिल्लक आहेत ना, मग त्याच्या नावावर कॉल लावायचा आणि आजोबांना बोलायला बसवायचं. यात पैसे वाचतात, पण धोका मोठा आहे. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार डॉक्टरने पेशंटचं नाव व वय विचारून खात्री करायची असते, आणि चिठ्ठी त्याच नावाने निघते. नातवाच्या नावावर शुगरची गोळी लिहिलेली चिठ्ठी मेडिकलवाल्याने परत केली तर त्याची चूक नाही. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी पोराला ताप आला तर डॉक्टरला समोर त्याच्या नावावर शुगर-बीपीची नोंद दिसते. आजोबांच्या जुन्या गोळ्या मात्र कुठंच दिसत नाहीत.

मूल अज्ञान असेल तर सल्ल्याच्या वेळी मोठं माणूस सोबत असावंच लागतं, हेही त्याच नियमांत आहे. त्यामुळं आई-बाप रानात आणि पोरगं एकटं फोनवर, असं चालत नाही.

स्पेशालिस्ट म्हणजे कोण?

जाहिरातीत ‘स्पेशालिस्ट उपलब्ध’ लिहिलेलं असतं. त्यात कोणते, ते मोजून बघावे. बालरोग, त्वचा, स्त्रीरोग हे सहसा असतात. हृदय, किडनी, मेंदू यांचे डॉक्टर बऱ्याचदा बाहेर ठेवलेले किंवा जादा फीचे असतात.

दुसरं म्हणजे थेट भेट मिळते का? काही कार्डांत आधी साध्या डॉक्टरशी बोलावं लागतं, मग तो पुढं पाठवतो. तिथं एका आजाराला दोन सल्ले जातात. स्पेशालिस्टची वेळ ठरवून घ्यावी लागते आणि आपण वेळेवर हजर नसलो तर तो सल्ला वाया गेला असं धरण्याची पद्धत आहे. लाईट आणि रेंज बघूनच वेळ घ्यावी.

डॉक्टर खरा आहे का, हे चिठ्ठीवरून कळतं. डॉक्टरचं नाव, पदवी आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर पाहिजेच. ॲपवर ‘शुगर स्पेशालिस्ट’ लिहिलंय म्हणून भागत नाही, खाली एमडी, डीएनबी अशी पदवी आहे का ते वाचावं. साधा एमबीबीएस डॉक्टर चांगला सल्ला देईलही, पण तो स्पेशालिस्टच्या कोट्यात मोजला जाऊ नये.

काही औषधं फोनवरच्या पहिल्या भेटीत मिळतच नाहीत. झोपेच्या आणि नशा आणणाऱ्या गोळ्यांवर बंधनं आहेत, आणि काही औषधं पहिल्यांदा सुरू करायची तर व्हिडिओवरच बोलावं लागतं. म्हणून फक्त ऑडिओ किंवा चॅट देणारं कार्ड घेताना विचार करावा.

‘अनलिमिटेड’ असेल तर Fair Usage Policy हे शब्द शोधा. दिवसाला एकच कॉल, त्याच आजारासाठी ठरावीक दिवस थांबा, किंवा अनलिमिटेड फक्त साध्या डॉक्टरचे, अशी मर्यादा तिथं लिहिलेली असते.

फुकटची सेवा आधी वापरून बघा

केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. esanjeevani.mohfw.gov.in वर किंवा ॲपवर मोबाईल नंबर टाकून ओटीपीने नोंदणी होते, टोकन मिळतं आणि डॉक्टरशी बोलणं झालं की चिठ्ठी फोनवर येते. स्मार्टफोन जमत नसेल तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडं जावं. ते बीपी-शुगर मोजून तिथूनच मोठ्या डॉक्टरशी जोडून देतात. यात कार्ड नाही, वाटा नाही, म्हणून कुणाचे सल्ले संपले हा प्रश्नच येत नाही. अडचण आहे ती वेळेची. थांबावं लागतं, आणि हवा तो स्पेशालिस्ट हवा तेव्हा मिळेलच असं नाही. रात्री नऊ वाजता पोराचा ताप दाखवायचा असेल तर पैशाच्या कार्डाचा उपयोग इथं होतो.

मानसिक त्रासासाठी १४४१६ हा टेलि-मानस नंबर आहे, तोही मोफत. आणि साप चावला, छातीत कळ आली, फवारणीची विषबाधा झाली, दम लागला तर कुठलंही ॲप उघडत न बसता १०८ लावावा.

पैसे परत परत कापले जातात तेव्हा

कार्ड एक वर्षाचं समजून घेतलेलं असतं, पण पैसे भरताना ऑटोपेची परवानगी दिली गेलेली असते. पुढच्या वर्षी खात्यातून आपोआप रक्कम जाते. असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना यायला हवी, तो मेसेज दुर्लक्षित करू नये. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे भरले त्यातच Autopay मध्ये जाऊन ती परवानगी बंद करता येते. नुसतं डॉक्टरचं ॲप फोनमधून काढून टाकलं तरी पैसे जायचे थांबत नाहीत.

सांगितल्याप्रमाणे सल्ले मिळाले नाहीत, तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पैसे भरल्याची पावती, जाहिरातीचा फोटो आणि उरलेल्या सल्ल्यांचा आकडा दिसणारा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. हा स्क्रीनशॉट दर कॉलनंतर लगेच काढावा, म्हणजे रेंज जाऊन तुटलेला कॉल मोजला गेला का ते त्याच दिवशी कळतं आणि त्याच दिवशी तक्रार करता येते.