पूर्ण वर्तमानकाळ व साधा भूतकाळ, इंग्रजीतील

घडून गेलेली गोष्ट सांगणारी इंग्रजीतील दोन क्रियारूपे. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’पुढे क्रियापदाचे तिसरे रूप आले की पूर्ण वर्तमानकाळ होतो, जसे ‘आय हॅव सीन’. नुसते दुसरे रूप वापरले की साधा भूतकाळ, जसे ‘आय सॉ’. क्रिया दोन्हींत पूर्ण झालेली असू शकते, म्हणून ती संपली की नाही हे पाहून निवड होत नाही. वाक्यातला काळाचा तुकडा संपला आहे की बोलण्याच्या क्षणापर्यंत चालू आहे, हे पाहावे लागते.

‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’, ‘इन २०१०’ हे तुकडे संपलेले आहेत. त्यांच्याबरोबर साधा भूतकाळच येतो. ‘व्हेन’ने विचारलेला प्रश्नही याच गटातला. ‘सो फार’, ‘अप टू नाऊ’, ‘सिन्स मंडे’ हे तुकडे आत्तापर्यंत पोहोचतात, म्हणून तिथे सहसा पूर्ण वर्तमानकाळ येतो. मराठी विद्यार्थी नेमका इथे चुकतो, आणि त्याला कारण आहे. ‘मी काल पत्र पाठवले आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. त्या ‘आहे’च्या सवयीने लिहिलेले ‘आय हॅव सेंट द लेटर यस्टरडे’ मात्र इंग्रजीत चूक ठरते.

‘फॉर’ हा शब्द पाहताच ‘हॅज’ लिहायची घाई घातक असते. समजा, प्रश्न असा आहे: ‘माय अंकल … इन नागपूर फॉर टेन इयर्स. ही मूव्हड टू मुंबई लास्ट मे.’ पर्याय ‘लिव्हड’ आणि ‘हॅज लिव्हड’. ‘फॉर टेन इयर्स’ने फक्त कालावधीची लांबी कळते, तो कुठे संपला हे दुसरे वाक्य सांगते. काका मुंबईला गेले, नागपूरची दहा वर्षे मिटली, उत्तर ‘लिव्हड’. दुसरे वाक्य नसते आणि काका अजून नागपुरातच असते, तर ‘हॅज लिव्हड’ बरोबर ठरले असते.

‘सिन्स’च्या वाक्यात रिकामी जागा कोणत्या बाजूला आहे तेही पाहावे. ‘आय हॅव नोन हर सिन्स वी वेअर ॲट स्कूल’ यात मुख्य भागात पूर्ण वर्तमानकाळ आहे, पण ‘सिन्स’नंतर सुरुवातीचा क्षण येतो म्हणून तिथे ‘वेअर’. परीक्षकांची ही आवडती जागा दिसते.

‘धिस मॉर्निंग’ दोन्हीकडे चालते. सकाळी दहाला ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’ म्हणता येते. दुपारी चारला तीच सकाळ संपलेली असते, म्हणून ‘आय हॅड’.

‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ यांच्यासोबत ब्रिटिश वळणात पूर्ण वर्तमानकाळ अपेक्षित असतो. अमेरिकन बोलण्यात ‘आय ऑलरेडी एट’ सर्रास चालते, पण आपल्याकडच्या व्याकरणाच्या प्रश्नांत ब्रिटिश वळण धरलेले बरे.