चेकच्या तळाची पट्टी : नऊ अंकांचा इतिहास

दुसरबीडच्या बँकेत आपण चेक भरतो तेव्हा नाव, रक्कम, सही पाहतो. तळाच्या पांढऱ्या पट्टीवरचे विचित्र वळणाचे आकडे मात्र कोणी वाचत नाही. आज आपण तेच वाचू.

पूर्वी क्लिअरिंगमध्ये चेकची छाननी हाताने व्हायची. चेक वाढले तसे ते काम कारकुनांना आवरेना. अमेरिकेत 1950च्या दशकात यावर तोडगा निघाला, तो म्हणजे चुंबकीय शाईचा. या शाईतले आकडे यंत्राला चुंबकत्वावरून कळतात, म्हणून त्यांवर शिक्का पडला तरी ते वाचता येतात. आपल्याकडे ही पद्धत 1980च्या दशकात महानगरांतून सुरू झाली.

आता पट्टी डावीकडून वाचू. पहिले सहा अंक म्हणजे चेकचा क्रमांक. पुढचे नऊ अंक तीन-तीनचे गट करून वाचायचे: शहर, बँक, शाखा. उदाहरणापुरते समजा, 411014027 असे अंक आहेत. 411 म्हणजे पुणे, 014 म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र, आणि 027 हा शाखेचा क्रमांक. शहराचे अंक साधारणपणे पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांवरून घेतलेले असतात. आपल्या दुसरबीडचा पिनकोड 443ने सुरू होतो. ही पिनकोड पद्धत 15 ऑगस्ट 1972ला सुरू झाली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यामुळे. ते संस्कृत कवीही होते. म्हणजे टपालाचा पत्ताच पुढे बँकेच्या कामी आला!

त्यानंतरच्या सहा अंकांना पुष्कळ जण खाते क्रमांक समजतात. तो पूर्ण खाते क्रमांक नसतो. तो चेकवर वेगळा छापलेला असतो. शेवटच्या दोन अंकांवरून चेकचा प्रकार कळतो. 10 किंवा 31 असेल तर बचत खाते, 11 किंवा 29 असेल तर चालू खाते.

मग पडताळायचे कसे? मधले 014 आणि वर छापलेले बँकेचे नाव जुळते का ते पाहा. आयएफएससीची पहिली चार अक्षरेही त्याच बँकेची हवीत. महाराष्ट्र बँकेची ती MAHB. मात्र आयएफएससीतले शाखेचे अंक आणि पट्टीतले शेवटचे तीन अंक सारखे असतीलच असे नाही, त्यावरून शंका घेऊ नये. चेक आपण स्वतः दिलेला असेल तर पट्टीतले सहा अंक चेकबुकातल्या नोंदीशी आणि नंतर पासबुकाशी ताडून पाहावेत.

बँक आणि कोड जुळले तरी चेक चालेलच असे नाही. देना बँक 1 एप्रिल 2019ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. तिच्या जुन्या चेकवर 018 हा कोड आणि देना हे नाव दोन्ही बरोबर जुळतात, पण 1 एप्रिल 2021पासून ते चेक बाद झाले. पट्टीवरून चेक कोणत्या बँकेचा ते कळते. खात्यात पैसे आहेत का, किंवा सही खरी आहे का, हे तिच्यावरून कळत नाही.

आणि एक. पट्टीवर लिहू नये, तिथे घडी घालू नये, पिन टोचू नये. ती जागा यंत्रासाठी राखलेली आहे.